न भाषांतरलेले दोन शब्द

देवळीच्या आमच्या वसतिगृहातील एक वर्गमित्र सेवाग्रामच्या रुग्णालयात होता. इंग्रजी त्याचा आवडता विषय. म्हणून आम्ही मराठीतील संदेश इंग्रजीत उतरविला. ‘लवकर बरा हो’चे ‘गेट वेल सून’ सहज झाले. ‘तुझी आठवण येते’चे आम्ही ‘युवर मेमरी कम्स’ केले. गुरुजी हसले, “मराठीत आठवण येते, इंग्रजीत ती आपण काढतो. ‘वी मिस यू’ लिहा.”

‘तुझी खाट रिकामी आहे’ हे वाक्य मात्र त्यांनी खोडले. आजाऱ्याला ते अशुभ वाटेल! त्याजागी आले, ‘युवर बेड इज वेटिंग फॉर यू’. शेवटचे ‘जय भीम’ त्यांनी तसेच ठेवले. मित्र बरा होऊन परतला, तेव्हा संदेश त्याला मुखोद्गत होता.