जुबेदा की ज़ुबैदा?

माझा धाकटा भाऊ इंजिनिअर आहे. मागच्या जूनमध्ये त्याच्या कॉलेजच्या क्लास टीचरांचा मेसेज जुन्या मुलांच्या ग्रुपवर आला. मजकूर साधारण असा होता: "फायनल इयरची मुले दरवर्षी तेच लायब्ररीचे आणि हजेरीचे प्रोजेक्ट करतात. तुम्ही आता बाहेरच्या जगात काम करता. खरीखुरी अडचण सांगा. विषय नको, अडचण हवी. ती कोणाला येते, किती वेळा येते आणि आज तो माणूस त्यावर काय करतो, एवढे लिहा."

भावाने तो मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिले, "आपा, तुझ्या शाळेत काही आहे का?"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. कॉम्प्युटरशी माझा संबंध फॉर्म भरण्यापुरता. पण त्या दिवशी मी नववीच्या वर्गाची नावेच तपासत होते. शाळेची नोंद आधारशी जुळवायची होती. जनरल रजिस्टरमध्ये मुलीचे नाव "शेख जुबेदा करीम", ऑनलाइन यादीत ते Shaikh Jubeda Karim झालेले, आणि आधारवर Zubaida Karim Sheikh. मुलगी एकच, पण मशीनच्या लेखी दोन.

ही चूक होते कशी, ते आधी सांगते. तिच्या अब्बांनी प्रवेशाच्या अर्जावर नाव उर्दूत लिहिले होते: ज़े, बे, ये, दाल, हे. उर्दूत "ज" सारखे ऐकू येणारे ज़े, ज़ाल, ज़्वाद आणि ज़ोय अशी वेगवेगळी अक्षरे आहेत, शिवाय आपला साधा "जीम" आहेच. मराठीत नुक्ता देण्याची पद्धत नाही, म्हणून रजिस्टरमध्ये या सगळ्यांचा एकच "ज" होतो. मराठी माणूस तो "जहाज"मधला म्हणायचा की "जग"मधला, हे अंदाजाने ठरवतो. पुढे देवनागरीवरून इंग्रजी करणारा तर सरळ J टाकतो. आधार केंद्रावर मात्र आईने तोंडाने नाव सांगितले, तिथल्या मुलाने ऐकून Z लिहिला. खोटे कोणीच लिहिले नाही.

मी भावाला हे सगळे लिहून दिले, त्याने ते सरांना पाठवले. दोन दिवसांनी सरांचाच फोन आला. "मॅडम, वर्गात असे किती?" मी रजिस्टर घेऊन बसले. 38 मुलांपैकी 14 जणांचे नाव कुठे ना कुठे वेगळे निघाले. सरांचा पुढचा प्रश्न होता, "आज तुम्ही काय करता?" आज आम्ही एकेक नाव डोळ्यांनी वाचतो. आणि जनरल रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापकांनाही आपल्या मनाने खोडता येत नाही. अर्ज, पुरावे, वरची परवानगी असे सगळे लागते. दहावीचे प्रमाणपत्र हातात पडल्यावर तर पालकांची धावपळ आणखी वाढते. म्हणून नववीतच पकडायला हवे.

चार मुलांचा गट एका शनिवारी शाळेत आला. मुख्याध्यापकांना विचारून मी त्यांना फक्त नावांची यादी दिली, आधार क्रमांक एकही नाही. मुले हुशार होती. आठवड्यात त्यांनी पहिले उत्तर आणले. इंग्रजी नावांचे उच्चारावरून गट करण्याची साउंडेक्स नावाची जुनी रीत आहे, 1918 मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट झाले होते. पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे आणि उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. Shaikh, Sheikh, Shekh या तिन्हींचा संकेत S200 आला. मुले खूश झाली.

मी म्हटले, आता जुबेदा करा. Jubeda चा आला J130, Zubaida चा Z130. पहिले अक्षरच वेगळे, म्हणजे जुळले नाही. मग मी त्यांना आमच्या शाळेतली जुळी भावंडे दिली, हसन आणि हुसैन. Hasan चा H250, Husain चाही H250. आडनाव एक, वडील एक, जन्मतारीख एक. मशीनने दोन भावांचा एकच विद्यार्थी केला.

मुलांनी दुसरी युक्ती काढली, किती अक्षरे बदलली तर एक नाव दुसरे होते ते मोजायचे. Jubeda चे Zubaida करायला तीन बदल लागतात, Hasan चे Husain करायला दोनच. म्हणजे एकच मुलगी तीन पावले लांब आणि दोन वेगळी मुले दोन पावलांवर. तीनला "जुळले" म्हणावे तर जुळे भाऊ एक होतात, न म्हणावे तर जुबेदा सुटते. मुले गप्प झाली.

इथे माझा विषय कामाला आला. मी फळ्यावर दोन्ही नावे उर्दूत आणि देवनागरीत लिहिली. उर्दू व्यंजने चोख सांभाळते, ज़े तो ज़ेच. पण ऱ्हस्व स्वर लिहीत नाही, आणि मधला "ये" ई, ए, ऐ कसाही वाचता येतो. देवनागरीचे उलट. ती स्वर दाखवते, पण ज़े हरवून बसते. दोन्ही लिपी शेजारी ठेवल्या की एकीचे हरवलेले दुसरीत सापडते. इंग्रजी स्पेलिंग त्यानंतर यायला हवे.

मग गटाने तसेच केले. आधी नावाचे तुकडे करून आडनाव वेगळे काढले, कारण आमच्याकडे शेख कधी पुढे असतो, कधी मागे. मग उर्दू आणि देवनागरी मिळून नावाचे होऊ शकतील ते सगळे इंग्रजी अवतार लिहून काढले. ज़ुबैदाचे पहिले अक्षर Z किंवा J, पुढे u किंवा oo, मध्ये ai, e किंवा ay, शेवटी a किंवा ah. दोन गुणिले दोन गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे 24. आधारवरचे नाव या 24 मध्ये असेल तर तो स्पेलिंगचा फरक, नसेल तर माणसाने पाहायचे. Jubeda आणि Zubaida दोन्ही त्यात सापडले. हसनच्या यादीत Hasan, Hassan आले. हुसैनच्या यादीत Husain, Hussain, Hussein आले. दोन्ही याद्यांत सामाईक एकही नाव नाही. भाऊ पुन्हा दोन झाले.

हे काम सगळे सोडवत नाही. घरी "मुन्नी" म्हणतात म्हणून आधारवर मुन्नीच आले असेल, तर ते कुठल्याच यादीत सापडणार नाही. उर्दूत भरलेला अर्ज नसेल तर ज़े की जीम, ते आईलाच विचारावे लागते. आणि मशीनने स्वतः काहीच बदलायचे नाही, फक्त खूण करायची, ही अट सरांनी पहिल्या दिवशीच घातली होती.

माझ्या वर्गातल्या 14 नावांपैकी 11 स्पेलिंगचे फरक निघाले. उरलेल्या तिघांच्या घरी मी स्वतः गेले. जुबेदाच्या अम्मीने विचारले, "टीचर, बरोबर कोणते मग?" मी म्हटले, "तुम्ही हाक मारता ते. आता कागदांनाही तेच शिकवायचे आहे." दुसऱ्या दिवशी तिच्या अब्बांनी उर्दूत अर्ज लिहून आणला. नाव ठळक लिहिले होते, आणि ज़ेवरचा नुक्ता पेनाने दोनदा गिरवलेला होता.