पंचेचाळीस मिनिटांचा पट

तुमच्या फोनमध्ये आहे! आत्ता, हे वाचत असताना, सेटिंग्जच्या पोटात गपचूप बसून आहे, आणि फुकट आहे. मी हे भेटेल त्याला सांगत सुटलोय. ऑफिसात मला बघून लोक लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागलेत, तरी माझं थांबत नाही. काय आहे? आपल्याच खेळाला आपणच रोजची वेळ ठरवून द्यायची सोय! अँड्रॉइडवर २०१८ साली आली, आयफोनवरही त्याच वर्षी. आणि इतकी वर्षं आपण तिकडे फिरकत नाही, कारण त्या मेन्यूचं नावच ‘डिजिटल वेलबीइंग अँड पॅरेंटल कंट्रोल्स’. पॅरेंटल म्हटलं की चाळिशीचा माणूस पुढे सरकतो. त्याला वाटतं, हे पोरांचं प्रकरण.

माझा खेळ बुद्धिबळ. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये महिला विश्वचषक जिंकला, त्या वाऱ्यात मी लिचेस हे अॅप फोनवर घेतलं, आणि जेवण झाल्यावर ‘एक डाव’ म्हणून जो बसायचो तो हरलो की जिंकण्यासाठी आणि जिंकलो की परत जिंकण्यासाठी. बुद्धिबळ असल्यामुळे कुणी बोलतही नाही हो! कँडी क्रश खेळताना दिसलो असतो तर हिने फोन काढून घेतला असता. बुद्धिबळ म्हणजे डोक्याला व्यायाम!

तर टायमर लावायचा कसा? सेटिंग्ज, मग डिजिटल वेलबीइंग, तिथल्या गोल चक्रावर बोट ठेवलं की डॅशबोर्ड, त्यात आपला खेळ शोधायचा आणि शेजारच्या वाळूच्या घड्याळाला हात लावून मिनिटं ठरवायची. कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडची तिकडे, पण वाट हीच. वेळ संपली की अॅप बंद. त्याचं चिन्हही करडं पडतं, रंगच उडतो! आणि माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट पुढे आहे: त्या पडद्यावर ‘अजून पाच मिनिटं’ असं बटण नाही. हवं असेल तर परत सेटिंग्ज, परत डॅशबोर्ड, परत ते वाळूचं घड्याळ आणि आपल्या हाताने टायमर काढून टाकायचा. कुणी अडवत नाही. पण तेवढ्या चार-पाच पायऱ्या चढेपर्यंत डोकं ठिकाणावर येतं, निदान माझं येतं.

आता खरी गंमत! सुरुवातीला मी ३० मिनिटं लावली, छान गोल आकडा म्हणून. पहिला डाव १७ मिनिटं चालला. त्यातल्या चुका बघण्यात आणि नवा प्रतिस्पर्धी मिळण्यात आणखी चार गेली. राहिली नऊ. दुसऱ्या डावात मी एक हत्ती वर, समोरच्याचा राजा उघडा, दोन चालींत मात दिसतेय, आणि पडदा बंद! तिकडे पटावर माझं घड्याळ चालूच. अॅप थांबलं म्हणून डाव थांबत नाही, तो सर्व्हरवर चालतो. समोरच्याला थोड्या वेळाने ‘माणूस निघून गेला, विजय घ्या’ असा पर्याय मिळतो. तो त्याने घेतला. असं वारंवार झालं तर लिचेस काही काळ खेळूच देत नाही, पळपुटा समजून.

म्हणून टायमर घड्याळाच्या मापाने नाही, डावाच्या मापाने कापायचा. मी खेळतो तो दहा मिनिटांचा प्रकार, म्हणजे दोघांना प्रत्येकी दहा. कितीही रेंगाळला तरी डाव २० मिनिटांच्या पुढे जाऊच शकत नाही. दोन डावांचे ४०, वर मधल्या खटपटीला पाच, झाले ४५! आणि नियम एकच: डॅशबोर्डवर २० मिनिटांपेक्षा कमी शिल्लक दिसत असतील तर नवा डाव सुरू करायचा नाही. उरलेल्या वेळात कोडी सोडवायची, ती मध्येच तुटली तरी कुणाचं नुकसान नाही. अगदीच हात शिवशिवले तर तीन मिनिटांचा डाव, तो जास्तीत जास्त सहा मिनिटांत संपतो. जे बीजीएमआय खेळतात त्यांनाही हेच लागू. तिथे मोठ्या नकाशावरचा सामना अर्ध्या तासाच्या आसपास जातो आणि मध्ये गायब झालात तर तीन सोबती शिव्या घालतात. त्या खेळात १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा खेळातच घातलेली आहे. मोठ्यांची मर्यादा फारच सैल, मग त्यांचा वाली कोण? हा टायमरच!

एक भोक मात्र आहे, आणि रात्री जागणाऱ्याला ते लगेच सापडतं. टायमर मध्यरात्री नव्याने सुरू होतो. सव्वाअकराला बसलो, बाराला कोटा संपला, आणि बारा वाजून एक मिनिटाने पुन्हा ताजे ४५! नियम न मोडता दीड तास. यावर उपाय त्याच मेन्यूत, फोकस मोड. त्यात अॅप निवडायचं आणि वेळापत्रक लावायचं. माझं रात्री साडेदहा ते सकाळी सात. त्यात पाच मिनिटांची सूट मागण्याची सोय आहे, पण पाच मिनिटांत दहा मिनिटांचा डाव मावत नाही! (एका मिनिटाचा मावतो. हे मी कुणाला सांगत नाही.) दुसरं भोक ब्राउझरचं. अॅप बंद झालं तरी lichess.org क्रोममध्ये उघडतं. त्यालाही डॅशबोर्डवरच, क्रोमच्या खाली, त्या साइटपुरता वेगळा टायमर लावता येतो.

माझा मेहुणा आयफोनवाला. त्याला उत्साहाने स्क्रीन टाइममध्ये अॅप लिमिट लावून दिलं. तिथे एक गोष्ट आमच्याकडच्यापेक्षा सरस: ‘गेम्स’ या सगळ्या गटालाच एकत्र मर्यादा घालता येते. अँड्रॉइडवर प्रत्येक अॅपचं खातं वेगळं, त्यामुळे चार खेळ असतील तर चार कोटे. शिवाय आयफोनवर शनिवार-रविवारची मर्यादा वेगळी ठेवता येते. पण वेळ संपली की तिथे चक्क विचारतात: एक मिनिट देऊ, १५ मिनिटांनी आठवण करू, की आजच्या दिवस सोडून देऊ? मेहुणा अर्थातच तिसरं दाबतो, तेही हसत. त्याला पासकोड लावून ‘ब्लॉक अॅट एंड ऑफ लिमिट’ चालू केलं तरच दार खरं बंद होतं, आणि तो पासकोड ज्याचा फोन त्याला माहीत असून चालत नाही. तो माझ्या बहिणीने ठेवलाय. मेहुण्याने मला त्या दिवसापासून जेवायला बोलावलेलं नाही.

आणि मला मिळालेलं बक्षीस वेगळंच! ४५ मिनिटं पुरत नाहीत म्हणून लिचेसवरचा पत्रव्यवहाराचा प्रकार बघितला. एका चालीला कित्येक दिवस मिळतात, तीन दिवस, सात दिवस, ठरवाल तसे. फोन दोन मिनिटं उघडायचा, समोरच्याची चाल बघायची आणि बंद करायचा. विचार फोनवर करायचाच नाही! माळ्यावरचा लाकडी पट काढला, एक प्यादं हरवलंय तिथे बाटलीचं झाकण ठेवलंय. पोळ्या लाटता लाटता हिने परवा सांगितलं, ‘अहो, तो उंट कशाला मारताय, तुमचा वजीर अडकेल.’ बघितलं तर खरंच अडकत होता! आता हिला वेगळं खातं काढून देतोय.