स्क्रू किती फिरवायचा

आमच्या कारखान्यात एमसीबी बनतात. नवं उत्पादन कोणतं घ्यायचं यावर बैठक बसली तेव्हा बहुतेकांनी एलईडी बल्ब सुचवला. दुकानदार तेच, गिऱ्हाईक तेच. मला ते पटेना. बल्बचे ड्रायव्हर आणि चिप सगळे एकाच बाजारातून आणतात. तिथे आमच्या हाताचं असं काय असणार होतं?

सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी 1990च्या लेखात कंपनीचं मूळ कौशल्य ओळखायच्या तीन कसोट्या दिल्या आहेत. कौशल्य अनेक बाजारांत शिरकाव करून देतं का, गिऱ्हाइकाला त्याचा फायदा जाणवतो का, आणि दुसऱ्याला त्याची नक्कल जड जाते का. मी आमची सगळी कामं कागदावर मांडली. प्रेसकाम, मोल्डिंग, जुळणी हे सारं बाहेर जॉबवर्कने मिळतं. उरलं कॅलिब्रेशनचं टेबल.

एमसीबीत बायमेटलची पट्टी तापून वाकते आणि बटण पाडते. ठरलेल्या प्रवाहाच्या 1.13 पटीला तासभर पडायचं नाही, मग 1.45 पटीला नेलं की तासाच्या आत पडायलाच हवं. या फटीत पट्टी बसवायची ती एका बारीक स्क्रूने. वेल्डिंगनंतर पट्टीला भट्टीत नीट शेक दिला नाही, तर आत राहिलेल्या ताणामुळे आज बरोबर लावलेला स्क्रू काही आठवड्यांनी चुकीचा ठरतो. पट्टीचं नवं बंडल उघडलं की टेबलावरच्या ताई पहिले काही नग पाहूनच सांगतात, आज पाव फेरा कमी.

नक्कल जड आहे हे मी गृहीत धरलं नाही. आम्ही दुसरी लाइन टाकली होती. मशीन, पट्टी, ड्रॉइंग सारं तेच, फक्त माणसं नवी. त्या लाइनचे बाद नग जुन्या लाइनइतके खाली यायला चार महिने लागले, तेही ताई शेजारी उभ्या असताना. बाहेरच्याला याहून जास्तच लागतील.

म्हणून मी मोटरच्या ओव्हरलोड रिलेचा आग्रह धरला. तिथे 1.05 पटीला दोन तास टिकायचं आणि 1.2 पटीला दोन तासांत पडायचं. फट आमच्यापेक्षाही अरुंद. शेतावरच्या पंपाची मोटर जळते की वाचते हे तिथे ठरतं, म्हणून शेतकऱ्यालाही फरक कळतो. पण रिलेत तीन पट्ट्या एकसारख्या हलाव्या लागतात आणि एक फेज गेला तर लवकर पाडणारी सरकपट्टी लागते. ती आम्हाला येत नव्हती. ते शिकण्यात वर्ष गेलं.

महागड्या स्टार्टरमध्ये आता इलेक्ट्रॉनिक रिले येतात. त्यांत बायमेटलच नाही, म्हणून तो बाजार मी यादीतून काढला. पंपाच्या स्वस्त स्टार्टरपुरतं हे कौशल्य अजून चालतं. तोवर ताईंच्या शेजारी दोन मुली बसवल्या आहेत. त्या स्क्रू लावतात, ताई तपासतात, मग वर लाखेचा थेंब पडतो.