दोन मिनिटं आणि एक मुंढा

निखिलने, म्हणजे माझ्या भाच्याने, घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी मापांचं अ‍ॅप केलं आणि प्ले स्टोअरवर दाखवायच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट माझ्याकडे सोपवली. कारण एवढंच की आत्या तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होती. मी रात्रीत चार पानं लिहिली. सुरुवात शिवणकलेच्या परंपरेपासून. त्याने ती वाचून मोबाइलवर घड्याळ लावलं आणि म्हणाला, "आत्या, मोठ्यानं वाच." तीन मिनिटं चाळीस सेकंद! आणि अजून अ‍ॅप उघडलंच नव्हतं.

मग कळलं, स्क्रिप्ट म्हणजे निबंध नव्हे. कागदाचे दोन रकाने करायचे. डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. डावा रकाना आधी भरायचा, कारण बोट पडद्यावर फिरत असताना लागणारा वेळ वाचणाऱ्याच्या हातात नसतो. मी दोन मिनिटांत दोनशेच्या आसपास शब्द ठेवले. त्याहून जास्त ठेवले की बोट आणि आवाज यांची शर्यत लागत होती.

दुसरा धक्का त्याहून मोठा. स्टोअरला आपण यूट्यूबची लिंक देतो, आणि तिथे व्हिडिओ आपोआप चालू होतो तेव्हा फक्त पहिले 30 सेकंद दिसतात, तेही मुके. म्हणजे माझी सगळी सुंदर वाक्यं कुणाच्या कानापर्यंत जाणारच नव्हती. अडचण नुसत्या डोळ्यांना कळायला हवी. वहिनीकडे (निखिलच्या आईकडे) बघत बसले तर ती आयतीच सापडली. गिऱ्हाईक दारात उभं, आणि वहिनी वही उलटतेय, मग दुसरी वही, मग लाइटबिलाच्या पाठीवर खरडलेलं माप. दहा सेकंद तेवढंच. पुढचे वीस सेकंद अ‍ॅपमध्ये नाव शोधायचं आणि मापं समोर येतात. बोलणं काही नाही.

आता मापं भरायची होती. मी मनाने टाकली: छाती 36, शोल्डर 18, बाही घेर 8. वहिनीने एक नजर टाकली. "ताई, ही बाई खांद्यानं पैलवान आणि दंडानं काडी आहे. शिवणारीनं हे बघितलं की लगेच पुढं सरकवेल." मग तिनेच सांगितलं: छाती 36, कंबर 31, शोल्डर 14, मुंढा 16, ब्लाऊजची उंची साडेचौदा, बाही घेर 12. शिवाय तिने विचारलं, हे अंगाचं माप की मापाच्या ब्लाऊजचं? अंगावर घेतलेल्या छातीत ढिलाई धरावी लागते, मापाच्या ब्लाऊजवरून घेतलं तर ती आधीच धरलेली असते. दोन्हीत गल्लत झाली तर ब्लाऊज अंगात जात नाही किंवा झोळ पडतो. अ‍ॅपमध्ये यासाठी एक निवड होतीच, मी ती स्क्रिप्टमध्ये घेतलीच नव्हती. तिला आठ सेकंद दिले आणि परंपरेचा शेवटचा अवशेषही उडाला.

रेकॉर्डिंगला मी स्वतः बसले. पडद्यावर 14.5 होतं, मी वाचलं, "चौदा पॉइंट पाच." वहिनी हसून लोटपोट. टेप धरणारी बाई "साडेचौदा" म्हणते. तेव्हापासून उजव्या रकान्यात आकडा लिहायचा नाही, अक्षरात लिहायचं. वहीतली खरी नावं आणि फोन नंबर पडद्यावर नकोत म्हणून निखिलने खोटी गिऱ्हाइकं तयार केली, आणि चित्रीकरणाआधी फोनच्या सूचना बंद केल्या. पहिल्या टेकमध्ये ऐन मापांवर दूधवाल्याचा मेसेज झळकला होता.

शेवटच्या पंचेचाळीस सेकंदांत तारीख, अ‍ॅडव्हान्स आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाला पाठवलेली पावती. हे भराभर गेलं, यात सांगण्यासारखं काही नाही.

पक्कं झालेलं सगळं आवाज बंद करून शेजारच्या शिवणवाल्या काकूंना दाखवलं. त्या मान हलवत राहिल्या. तिसावा सेकंद झाला तसं त्यांनी विचारलं, "सगळं बरं आहे, पण मुंढा कुठं लिहायचा?" मुंढ्याचा रकाना पडद्याच्या खाली होता, वर सरकवल्याशिवाय दिसत नव्हता, आणि आम्ही छाती, कंबर, शोल्डर दाखवून थेट पुढच्या पानावर उडी मारली होती. त्यांच्या लेखी मुंढा नाही म्हणजे अ‍ॅपच अर्धवट. वह्या शोधण्यातले तीन सेकंद कापून मी डाव्या रकान्यात लिहिलं: बोटाने पडदा वर सरकवणे. मुंढा 16 दिसेपर्यंत थांबणे.