बॅकअपचा ताळा

तुम्ही गणितात ताळा करता का? मी साताऱ्याला मराठी शाळेत शिकलो. भागाकार झाला की आमच्या बाई म्हणायच्या, "आता ताळा कर." म्हणजे आलेल्या उत्तराला भाजकाने गुणायचं, त्यात बाकी मिळवायची, आणि मूळ संख्या परत येते का ते बघायचं. तेव्हा मला त्याचा कंटाळा यायचा. पण एका रात्री त्याच सवयीने मला वाचवलं.

तेव्हा मी न्यू जर्सीत रात्रपाळीला होतो. काही दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट आमच्या सर्व्हरवर होत्या. तो सर्व्हर जुना झाला होता, म्हणून सगळा डेटा नव्या सर्व्हरवर न्यायचा होता. डेटा होता १८ जीबी. दवाखाने सकाळी ८ वाजता उघडणार होते.

रात्री साडेबाराला मी वेबसाइट बंद केली, म्हणजे नवी नोंद कोणी करू शकणार नाही. एकूण किती अपॉइंटमेंट आहेत ते मोजून आकडा वहीत लिहिला. मग ताजा बॅकअप घेतला आणि तिसऱ्याच मशीनवर ठेवला. त्यानंतर डेटाबेस बंद केला. आता फक्त फाइल्स कॉपी करायच्या होत्या. कमांड अशी हवी होती:

```
rsync -a --delete /var/lib/mysql/ nava:/var/lib/mysql/
```

यात आधी येतं ते "कुठून" आणि नंतर येतं ते "कुठे". `--delete` चा अर्थ असा, की "कुठून" मध्ये जे नाही, ते "कुठे" मधून पुसून टाक. मी घाईत दोन्ही जागा उलट्या लिहिल्या. नव्या सर्व्हरवर अजून आमचा काहीच डेटा नव्हता. त्यामुळे जुन्या सर्व्हरवरचा आमचा सगळा डेटा पुसला गेला.

मला कसं कळलं? १८ जीबी कॉपी व्हायला साधारण १५ मिनिटं लागायला हवी होती. हे काम काही सेकंदांतच संपलं! मी डेटाबेस चालू करून यादी मागितली. `information_schema`, `mysql`, `performance_schema` आणि `sys` एवढी चारच नावं दिसली. ही नावं प्रत्येक नव्या डेटाबेसमध्ये असतात. दवाखान्यांचं नाव कुठेच नव्हतं. माझे हातपाय गार पडले.

मी आमच्या टीमच्या ताईंना फोन केला. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "बॅकअप परत लावून बघितलाय ना?"

"हो ताई, गेल्याच आठवड्यात. १ तास ४० मिनिटं लागली होती."

"मग घाबरू नकोस. लाव."

हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते सांगतो. काही महिन्यांपूर्वी आमचा बॅकअप रोज रात्री वेळेवर बनत होता. फाइल दिसायची, तारीख बरोबर असायची. पण एकदा ती उघडून बघितली, तर तिचा आकार फक्त २० बाइट! डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, त्यामुळे डेटा वाचलाच जात नव्हता. पण पुढचा प्रोग्राम, `gzip`, आत काही नसलं तरी फाइल बनवतोच. ती रिकामी फाइल २० बाइटची असते. म्हणजे आम्ही रोज रिकामा डबा नीट झाकण लावून फळीवर ठेवत होतो. तेव्हापासून आम्ही दर महिन्याला बॅकअप दुसऱ्या मशीनवर लावून बघायला लागलो.

त्या रात्री दीड वाजता मी बॅकअप नव्या सर्व्हरवर लावायला घेतला. फाइल्स कॉपी करण्यापेक्षा याला जास्त वेळ लागतो, कारण डेटाबेस प्रत्येक तक्ता पुन्हा बांधतो. पण किती वेळ लागणार हे मला माहीत होतं, म्हणून मी खुर्चीत बसून राहू शकलो. ३ वाजून १० मिनिटांनी काम संपलं. मी अपॉइंटमेंट मोजल्या. वहीतला आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा अगदी सारखा होता. माझा जीव भांड्यात पडला.

बॅकअप आदल्या रात्रीचा असता, तर दिवसभरात आलेल्या अपॉइंटमेंट गेल्या असत्या. वेबसाइट बंद केल्यानंतर घेतला होता, म्हणून एकही गेली नाही.

आता मी `rsync` ला आधी `-n` आणि `-v` लावतो. मग तो खरं काही करत नाही, फक्त काय काय करणार ते दाखवतो. `deleting` हा शब्द दिसला, की मी थांबतो.

तुमच्या फोनचाही बॅकअप होत असेल. आज त्यातला एक जुना फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडला, तर तुमचा ताळा जमला. नाही उघडला, तर ते आजच कळलेलं बरं.