व्हाउचर कुठाय?

तर मंडळी, या शनिवारचा विषय आहे "मागील भागात आपण पाहिलंत..."

एपिसोड सुरू व्हायच्या आधी येणारा तो मिनिटभराचा तुकडा, किंवा सिनेमाच्या सुरुवातीला कुणीतरी सांगितलेली "आधी असं असं झालं" ही हकिगत. आपण बहुतेक वेळा ते स्किप करतो. मीही करायचो. मग दोन वर्षांपूर्वी बाबा आमच्याकडे राहायला आले.

बाबांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. बोलणं-चालणं महिन्याभरात जागेवर आलं. स्मरणशक्तीही ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले. जागेवर आला नाही तो आत्मविश्वास. चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही (जे मला रोज आठवत नाही) तरी चेहरा उतरायचा. "गेलं रे सगळं," म्हणायचे. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, दुसऱ्याच्या वहीतली चूक शोधणारा. आता स्वतःच्याच वहीवर भरवसा नाही.

त्यांना गुंतवायला म्हणून मी दर शनिवारी रात्री 'स्टार वॉर्स' लावायला सुरुवात केली. मुख्य मालिकेतले नऊ सिनेमे, जसे प्रदर्शित झाले त्या क्रमाने. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: प्रत्येक सिनेमाच्या सुरुवातीला काळ्या आकाशात पिवळी अक्षरं खालून वर सरकत दूर जातात आणि तीन परिच्छेदांत आधीची गोष्ट सांगतात. ही कल्पना जॉर्ज लुकासने तो लहानपणी बघायचा त्या 'फ्लॅश गॉर्डन'सारख्या जुन्या सिरियल्सवरून घेतली. त्या थिएटरात दर आठवड्याला एक भाग अशा दाखवायचे, आणि मागचा भाग चुकलेल्यांसाठी सुरुवातीला सारांश असायचा.

पहिल्याच शनिवारी गंमत झाली. अक्षरं सरकायला लागली आणि बाबा म्हणाले, "हे 'चौथा भाग' वगैरे तेव्हा नव्हतं." त्यांनी तो सिनेमा १९७९ साली मुंबईत थिएटरात पाहिला होता. मी म्हटलं, "असेल हो बाबा, एवढं कुठे लक्षात राहतं." ते गप्प बसले. रात्री सहज शोधलं तर बाबा बरोबर होते! १९७७ साली आलेल्या मूळ सिनेमात नुसतं 'स्टार वॉर्स' होतं. 'एपिसोड ४' आणि 'अ न्यू होप' या ओळी १९८१ साली सिनेमा पुन्हा लावला तेव्हा टाकल्या. म्हणजे बाबांची आठवण पक्की होती, बदलला होता पडदा. सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण दोन बिस्किटं जास्त खाल्ली. :-)

पुढच्या शनिवारपासून बाबांनी स्वतःच एक पद्धत काढली. सिनेमा लावायच्या आधी ते मागच्या सिनेमात काय झालं ते मला सांगायचे. मग पिवळी अक्षरं आली की मी पॉज करायचं, आणि ते एकेक वाक्य टिक मारत जायचे. टिक मारायचा नियम बँकेतलाच: "एंट्री आहे ना, मग व्हाउचर दाखव." म्हणजे सारांशात लिहिलेली गोष्ट ज्या प्रसंगात घडली तो प्रसंग सांगता आला पाहिजे.

'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) चं उदाहरण घ्या. त्यातली अक्षरं साधारण चार गोष्टी सांगतात. एक, डेथ स्टार नष्ट झाला. टिक. पहिल्या सिनेमाच्या शेवटी ल्यूक तो उडवतो. दोन, साम्राज्याच्या सैन्याने बंडखोरांना त्यांच्या गुप्त तळावरून हुसकावलं. बाबा अडकले. "हे कधी झालं? शेवटी तर मेडलं वाटत होते." बरोबर. ते दोन सिनेमांच्या मधल्या काळात झालं, कुठेच दाखवलेलं नाही. तीन, बंडखोरांनी होथ नावाच्या बर्फाळ ग्रहावर नवा तळ उभारला. हेही मधल्या काळातलं, पण लगेच डोळ्यांसमोर येतं. आणि चार, डार्थ व्हेडर कोवळ्या स्कायवॉकरच्या शोधाने झपाटलेला आहे.

या चौथ्या वाक्यावर बाबा बराच वेळ थांबले. "पण व्हेडरला त्याचं नाव कोणी सांगितलं?"

मी तो सिनेमा वीसेक वेळा पाहिलाय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पहिल्या सिनेमात व्हेडर ल्यूकच्या विमानाचा पाठलाग करतो, हा पोरगा साधा नाही एवढं त्याला जाणवतं, पण नाव कळत नाही. नाव कळल्याचा प्रसंग दोन्ही सिनेमांत नाही. तो दाखवला कॉमिक्समध्ये. म्हणजे सिनेमांच्या वहीत ही एंट्री व्हाउचरशिवायच पडून होती, आणि आपण सगळे ती 'मागच्या सिनेमात झालं असेल' असं समजून पुढे जात होतो.

इथे मला कळलं की सारांशातली वाक्यं एका जातीची नसतात. काही दाखवलेल्या गोष्टीची आठवण करून देतात. काही मधल्या काळातली फट बुजवतात. आणि काही चक्क नवी माहिती असतात, पण बोलतात जुन्या माहितीच्या आवाजात. तिन्ही एकाच टायपात, एकाच पिवळ्या रंगात सरकतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सारांश म्हणजे कमिट मेसेज. नेमकं काय बदललं ते डिफमध्ये असतं, मेसेजमध्ये असतं ते लिहिणाऱ्याला सांगावंसं वाटलेलं.

पण याची खरी परीक्षा नवव्या शनिवारी झाली. 'द राइज ऑफ स्कायवॉकर' (२०१९). अक्षरं सांगतात की मेलेला बोलू लागलाय, सम्राट पॅल्पटीनच्या आवाजात सूड घेण्याची धमकी साऱ्या आकाशगंगेने ऐकली आहे.

बाबांनी रिमोट माझ्या हातातून घेऊन स्वतः पॉज केलं. खूप वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "हा तर त्या खड्ड्यात पडून मेला होता ना रे? धमकी कधी दिली त्याने? मागच्या शनिवारी होतं का हे? मला काहीच आठवत नाहीये."

त्यांचा हात थरथरत होता. आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की आपण काहीतरी विसरलोय. मी ठाम आवाजात "नाही बाबा, नव्हतं" म्हणू शकलो असतो, पण त्यांना ते समजूत काढल्यासारखं वाटलं असतं. त्यांना व्हाउचरच हवं होतं. म्हणून आम्ही तो सिनेमा तिथेच सोडला आणि आठवा, 'द लास्ट जेडाय' (२०१७), पुन्हा लावला, पुढे ढकलत ढकलत. सम्राट परत आल्याचं एक अक्षर त्यात नाही. मग 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) चा शेवट लावला. व्हेडर त्याला उचलून खोल खड्ड्यात टाकतो. बाबांनी सांगितलं होतं तस्संच.

मग ती धमकी आहे कुठे? सांगितलं तर पटणार नाही. ती ऐकवली गेली 'फोर्टनाइट' या व्हिडिओ गेममधल्या एका कार्यक्रमात, १४ डिसेंबर २०१९ ला, सिनेमा यायच्या आठवडाभर आधी. सिनेमात ती धमकी कधीच ऐकू येत नाही. म्हणजे आधीचे आठही सिनेमे तोंडपाठ असलेल्या माणसालाही ती आठवणं शक्य नव्हतं.

मी बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो." मी म्हटलं, "विसरायला आधी दाखवायला तर पाहिजे." तेव्हा कुठे ते सोफ्यावर मागे टेकले.

आता तुम्ही म्हणाल, अक्षरांचं ठीक आहे, पण टीव्ही मालिकेच्या रिकॅपमध्ये तर खरी दृश्यं असतात, तिथे काय प्रॉब्लेम? दृश्यं खरीच असतात, पण कापलेली असतात. रिकॅप मागच्या भागांसाठी नाही तर आजच्या भागासाठी बनवतात. सहा महिने न दिसलेलं पात्र अचानक रिकॅपमध्ये आलं तर समजा, आज ते येणार. शिवाय अडीच मिनिटांचं बोलणं आठ सेकंदांत बसवायचं असतं. वाक्य ऐकू येतंय पण चेहरा समोरच्याचा दिसतोय, असं असेल तिथे हमखास दोन वाक्यं जोडलेली असू शकतात. कोण कोणाला काय म्हणालं याची शब्दशः खात्री करायची असेल तर मूळ भागच उघडावा लागतो. आणि आणखी एक: दृश्य कुठलं आहे हे रिकॅप सांगत नाही.

हे शेवटचं बाबांनीच पकडलं. सिनेमे संपल्यावर आम्ही 'द मँडलोरियन' मालिका धरली. दुसऱ्या सीझनच्या शेवटी (डिसेंबर २०२०) छोटा ग्रोगू ल्यूकबरोबर निघून जातो. बाबा त्या रात्री डोळे पुसत होते. पुढच्या शनिवारी तिसरा सीझन (मार्च २०२३) लावला, तर रिकॅपमध्ये ग्रोगू परत मँडलोरियनकडे! आधी कधीच न पाहिलेली दृश्यं, आणि कथा तिथूनच पुढे सुरू.

मी उत्तर माहीत असूनही मुद्दाम गप्प बसलो. बाबांनी पॉज केलं. या वेळी हात थरथरला नाही. विचार करून म्हणाले, "ही एंट्री आपल्या ब्रँचची नाही. दुसऱ्या ब्रँचमधून आलीय. शोध."

अगदी बरोबर. ती दृश्यं 'द बुक ऑफ बोबा फेट' या वेगळ्याच मालिकेतली आहेत. तिच्या सात भागांपैकी शेवटचे तीन भाग बऱ्याच अंशी मँडलोरियनचीच गोष्ट पुढे नेतात, आणि ती दोघांची भेट फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे होऊन गेली होती. आम्ही ते तीन भाग आधी पाहिले, टिक मारली, आणि मग तिसऱ्या सीझनकडे आलो.

परवा बायको कुठलीशी मराठी मालिका बघत होती. "मागील भागात" सुरू झालं आणि ती म्हणाली, "अरेच्चा, हे कधी झालं? मला कसं आठवत नाही?"

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "घाबरू नकोस गं. आधी व्हाउचर बघ."