पत्ता अनोळखी, बुकिंग खरे?

डिसेंबरात पुण्याहून नणंदेचे कुटुंब आमच्याकडे बालाघाटला येणार होते. सगळ्यांनी मिळून कान्हा बघायचा बेत ठरला. बैहरमार्गे मुक्कीला जायचे, दोन रात्री राहायचे आणि पहाटे सफारी. मुक्की गेटचे परमिट आधीच काढलेले होते. त्यावर तारीख, गेट आणि प्रत्येकाचे ओळखपत्र नोंदलेले असते. खोल्यांचा घोटाळा झाला असता तर परमिटही वाया गेले असते.

हॉटेलच्या बुकिंगची पुष्टी ई-मेलने आली. मोबाइलवर पाठवणाऱ्याच्या जागी हॉटेलचेच नाव होते. माझ्या मुलाने त्या नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडला, तर @ नंतर भलत्याच कंपनीचे नाव! “आई, पत्ता शेवटाकडून वाचायचा. hotel.example.com दिसले, तर तो पत्ता example.com वाल्यांचा. पुढे hotel कुणीही लिहू शकतो.” ई-मेलमध्ये उरलेले पैसे भरायची लिंकही होती. “खोटा आहे, बुकिंग रद्द कर,” तो म्हणाला.

मी म्हटले, आधी हॉटेललाच विचारू. पण त्याच ई-मेलला उत्तर दिले असते, तर ते पाठवणाऱ्यालाच मिळाले असते. त्यातला फोन नंबरही त्यानेच दिलेला. माझा मावसभाऊ गेल्या वर्षी तिथे राहिला होता. त्याच्याकडच्या बिलावरचा नंबर घेतला आणि हिंदीत निरोप पाठवला. त्याचा मराठी अर्थ असा:

“नमस्कार. माझ्या नावाने आपल्याकडे बुकिंग आहे का? असल्यास कोणत्या तारखा, किती खोल्या आणि किती पैसे जमा झाले, ते कृपया कळवा. बुकिंगचे ई-मेल आपण कोणत्या पत्त्यावरून पाठवता? उरलेली रक्कम तिथे आल्यावर भरली तर चालेल का?”

तारखा आणि रक्कम मी मुद्दाम लिहिली नाही. ती लिहिली असती, तर घाईतला माणूस न बघताच “हो, बरोबर” म्हणून मोकळा झाला असता. ई-मेलचा पत्ताही त्यांच्याकडूनच यायला हवा होता.

संध्याकाळी मॅनेजरांचे उत्तर आले. तारखा, खोल्या, रक्कम सगळे जुळले. पत्ताही तोच निघाला. त्यांचे बुकिंग एका सॉफ्टवेअर कंपनीमार्फत चालते, ई-मेल तिथूनच जातात. पैसे काउंटरवर भरले तरी चालणार होते. आम्ही तसेच केले.

मुलगा जरा हिरमुसला. पण त्याची शंका चुकीची नव्हती, निष्कर्षाची घाई झाली एवढेच. उलटेही घडते. २०२३ मध्ये ठगांनी अनेक देशांतल्या हॉटेलांची Booking.com वरची खाती ताब्यात घेऊन त्या साइटच्या निरोपांतूनच पाहुण्यांना खोट्या लिंका पाठवल्या होत्या. तिथे पाठवणारा ओळखीचा होता आणि निरोप खोटा.

म्हणून पत्ता बघाच, पण पैसे भरण्याआधी वेगळ्या वाटेने मिळवलेल्या नंबरवर विचारा. आणि पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.